झोप लागायलाच दोन तास; सवयी बदलून झाल्या, आता काय तपासावं?

ओवी_सिंहगडरोड (रात्री १२:५२)

नमस्कार. वय ४३, एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. दिवाळीनंतर केव्हातरी हे सुरू झालं आणि आता ज्येष्ठ लागला. आडवी झाल्यापासून झोप लागेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. एकदा लागली की गजरापर्यंत बरी लागते, मधे फारशी जाग येत नाही. आठवड्यातून चार-पाच रात्री तरी असंच. सकाळी उठून डबे, मग स्कूटरवरून ऑफिस, आणि दुपारी तीननंतर एकच ओळ तीनदा वाचावी लागते.

करून झालेलं सांगते, म्हणजे तेच तेच सल्ले नकोत. संध्याकाळचा चहा बंद केला. मोबाईल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला असतो. कोमट दूध झालं. काशाच्या वाटीने तळपाय घासून घेते, त्याने तेवढ्यापुरतं जरा बरं वाटतं. झोप पुरत नाही म्हणून हल्ली पावणेदहालाच अंथरुणात जाते, निदान पाठ तरी टेकेल. गाजर गवताची ॲलर्जी आहे, पावसाळ्यात नाक गळतं, तेव्हा सर्दीची गोळी घेते. तिने गुंगी येते, पण झोप काही येत नाही, उलट जास्तच चुळबुळ होते.

घरचे म्हणतात, विचार कमी कर. हे खरंच विचारांचं आहे, की डॉक्टरांकडे जावं? आणि जायचं तर कुठल्या?

खवय्या_पेठकर

ताई, दुधात जायफळ घातलंत का? नुसतं दूध काय कामाचं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालतंय. बाकी दुपारी जेवून तासभर आडवं व्हायचं, म्हणजे रात्रीची कसर भरून निघते. पेठेत राहून मी एवढं तरी खात्रीने सांगू शकतो.

मध्यरात्री_मेल (रात्री २:४७)

सेम पिंच! हिंजवडीत आहे, क्लायंट अमेरिकेतला, कॉल रात्री साडेअकरापर्यंत. पहाटे साडेतीन-चारच्या आधी डोळा लागत नाही. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतला, पैसे गेले. शनिवार-रविवारी मात्र चारला झोपून बाराला उठतो, एकदम मस्त झोप. सोमवारी परत येरे माझ्या मागल्या. म्हणजे मलाही निद्रानाशच ना?

किरण_बाणेर

ओवी, आधी रक्ततपासणी करून घे. थायरॉईड, बी ट्वेल्व्ह, डी. घरी येऊन रक्त नेतात, फुल बॉडी पॅकेज स्वस्तात मिळतं. माझ्या वहिनीला असाच त्रास होता आणि थायरॉईड निघाला. तोपर्यंत मॅग्नेशियम आणि मेलाटोनिनच्या गोळ्या सुरू कर, त्यांना साइड इफेक्ट नसतात.

जुनी_ओपीडी

मी मेडिसिनची डॉक्टर, आता निवृत्त. इथे बसून निदान करणार नाही, पण ओवी, तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जाईनात, म्हणून विचारते.

काशाच्या वाटीने बरं वाटतं म्हणता, ते नेमकं काय बरं वाटतं? अंथरुणात पडल्यावर पायांत काही होतं का? दुखणं म्हणत नाही मी. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, आत काहीतरी वळवळतंय, ओढतंय असं? उठून चार पावलं चाललं की थांबतं आणि परत पडलं की परत सुरू? दुपारी खुर्चीत बसल्यावर नसतं आणि रात्रीच असतं, असं आहे का? पोटरीला गोळा येतो तो वेगळा. तो एका जागी आवळतो आणि चांगला दुखतो. त्याबद्दल विचारत नाहीये.

दुसरं, सर्दीची गोळी कुठली? गुंगी येणारी म्हणजे बहुतेक क्लोरफेनिरामिन असलेली. तिने माणूस पेंगतो, पण पायांची ही तक्रार असेल तर ती वाढते. गुंगी आणि चुळबुळ एकदम, हे जे तुम्ही लिहिलंय ते मला फार ओळखीचं वाटलं.

पाळी कशी आहे, अंगावरून जास्त जातं का, तेही सांगा. इथे नको असेल तर व्यनि करा.

आणि किरण, थायरॉईडचं तुमचं बरोबर आहे. तो जास्त चालत असेल, किंवा थायरॉक्सिनचा डोस गरजेपेक्षा जास्त होत असेल, तर झोप उडते. पण तेव्हा बहुधा धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं, घाम, यांतलं काहीतरी सोबत असतं. पॅकेजचं म्हणाल तर त्यात साठ-सत्तर आकडे येतात आणि जो हवा तोच अनेकदा नसतो.

सुखदा७६

माझ्या मनातला विषय! आमचे हे इतके घोरतात की मी रोज हॉलमध्ये झोपते. मधेच श्वास थांबल्यासारखा होतो, मग एकदम हुंदका दिल्यासारखा आवाज, की परत सुरू. त्यांना सकाळी विचारलं तर म्हणतात छान झोप झाली. मग दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या डुलक्या. ओवी, तुमच्या यजमानांना स्वतंत्र खोलीत झोपवून बघा.

जुनी_ओपीडी

सुखदाताई, ओवींचा प्रश्न घोरण्याचा नाही. पण तुम्ही जे लिहिलंत त्यात तपासून घ्यायला हवं ते यजमानांनाच. श्वास थांबणं, दचकून सुरू होणं आणि दिवसा डुलक्या, हे झोपेतल्या श्वासाच्या आजाराचं वर्णन आहे. त्यासाठी रात्रभराची झोपेची तपासणी करतात, हल्ली घरी मशीन देऊनही होते. त्यांना बीपी असेल किंवा गाडी चालवत असतील तर लांबणीवर टाकू नका. तपासणी होईपर्यंत त्यांना झोपेची गोळी किंवा रात्रीचा पेग, दोन्ही नको. घसा आणखी सैल पडतो.

तुम्ही हॉलमध्ये झोपता ते चालू द्या.

ओवी_सिंहगडरोड

डॉक्टर, वाचून अंगावर काटा आला. हो, अगदी असंच होतं. मी त्याला आजार समजतच नव्हते, दिवसभर उभं राहून पाय शिणतात असं धरून चालले होते. पडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं सुरू होतं. गार फरशीवर पाय ठेवते, गॅलरीत फेऱ्या मारते. कधी कधी ओढणीने गुडघ्याखाली आवळून बांधते, तेव्हा जरा थांबतं. दिवसा काही नाही. मात्र मागे कोल्हापूरला रात्रीच्या बसने गेले तेव्हा जीव नकोसा झाला होता.

आमची आजी रोज रात्री नातवंडांना पायांवर उभं करून पाय तुडवून घ्यायची. आम्हाला तो खेळ वाटायचा.

पाळी गेल्या वर्षभरात खूप वाढली आहे. पहिले तीन दिवस घराबाहेर पडणं मुश्कील. गोळी तुम्ही म्हणता तीच, पट्टीवर नाव बघितलं.

जुनी_ओपीडी

आजीचं सांगितलंत ते बरं केलंत. हा त्रास घराण्यात चालतो.

आता सांगते. याला अस्वस्थ पायांचा आजार म्हणतात. निदान तुमच्या वर्णनावरूनच होतं, त्याला मशीन लागत नाही. रात्री, स्वस्थ पडल्यावर, हलवावंसं वाटणं आणि हलवल्यावर थांबणं, या गोष्टी एकत्र असल्या की डॉक्टरला पुरतं. रुग्णाला मात्र तो 'झोप न लागणं' म्हणूनच दिसतो आणि मग तो चहा सोडत बसतो.

मागे कारण शोधायचं, आणि तुमच्या बाबतीत पहिला संशय लोहावर. मेंदूत लोह कमी पडलं की डोपामिनचं काम बिघडतं, असं त्याचं साधारण स्पष्टीकरण देतात. लोहाचा साठा बघायचा तर हिमोग्लोबिन पुरत नाही, सीरम फेरिटिन करावं लागतं. साठा रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ तग धरतं. आणि इथेच लोक फसतात. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा दहा-पंधरा छापलेली असते, म्हणून पंधरा-वीस आलं तरी शेजारी फुली येत नाही. पायांच्या या आजारात मात्र फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करतात.

सकाळी उपाशीपोटी द्या. ताप, सर्दी-खोकला नुकता झाला असेल तर थोडं थांबा, कारण अंगात दाह असला की फेरिटिन उगीच वर दिसतं. सोबत हिमोग्राम, थायरॉईडसाठी टीएसएच, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि साखर. किडनीच्या आजारातही पाय असेच होतात, आणि साखरेने नसांना इजा झाली तर पायांची आग वेगळ्या प्रकारची असते, ती वेगळी ओळखावी लागते.

जायचं कुणाकडे? आधी एमडी फिजिशियन. झोपेचा सुपरस्पेशालिस्ट नंतर लागला तर बघू. सर्दीच्या गोळीऐवजी गुंगी न आणणारी, फेक्सोफेनाडिनसारखी, चालेल का तेही त्यांनाच विचारा. मळमळीसाठी कधी मेटोक्लोप्रामाइड दिलं तर हा त्रास सांगा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वाढतो. पण त्या कोणी घेत असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

खवय्या_पेठकर

लोहासाठी गोळ्या कशाला? लोखंडी कढईत भाज्या, गूळ-शेंगदाणे, बीट, अळीव. आमच्या आजीचं हिमोग्लोबिन नव्वदीत तेरा होतं.

जुनी_ओपीडी

कढईबद्दल अनुमोदन, त्यातही चिंच-आमसुलाची आमटी केली तर लोह जास्त उतरतं. पण साठा रिकामा असताना आणि दर महिन्याला एवढं रक्त जात असताना तो नुसत्या जेवणावर भरत नाही. भरायच्या आत परत जातो. अळीव खा, गोळीला पर्याय समजू नका.

तुमच्या जायफळाबद्दल राहिलंच. चिमूटभर उगाळलेलं दुधात ठीक. पण काहीजण झोप येत नाही म्हणून चमचाभर पूड घेतात, त्याने छाती धडधडते, भ्रम होतो. असे दोघे मी कॅज्युअल्टीत पाहिलेत. आणि दुपारची तासाभराची झोप तुम्हाला मानवत असेल, रात्री ज्याला झोप लागत नाही त्याला मानवत नाही. दिवसभरात झोपेची जी भूक साठते ती दुपारीच अर्धी भागते.

मध्यरात्री_मेल

आणि माझं? माझे पाय ठणठणीत आहेत.

जुनी_ओपीडी

तुमचं निद्रानाशापेक्षा घड्याळ पुढे सरकल्यासारखं दिसतंय. शनिवारी चार ते बारा गाढ झोपता, म्हणजे झोपेचं यंत्र शाबूत आहे, वेळ चुकलीये. चष्म्याने होणार नाही. कॉल साडेअकराला संपतो, मग चारपर्यंत काय करता ते तुम्हालाच माहीत! स्क्रीनच्या प्रकाशापेक्षा स्क्रीनवर जे चाललेलं असतं ते जास्त जागवतं.

उठायची वेळ सातही दिवस एकच ठेवायची, रविवारीसुद्धा. उठल्या उठल्या अर्धा-पाऊण तास उघड्यावर, ढगाळ असलं तरी चालतं, बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. मग ती वेळ दर काही दिवसांनी थोडी थोडी अलीकडे आणायची. मेलाटोनिनचा उपयोग खरा इथे, तोही छोट्या डोसचा आणि झोपायच्या बऱ्याच तास आधी. वेळ चुकली तर फायदा होत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून. किरण, साइड इफेक्ट नसतातच असं म्हणू नका. आणि एरवीच्या निद्रानाशात त्याचा फायदा फार थोडा आहे.

शेवटची कॉफी कितीला असते?

मध्यरात्री_मेल

साडेनऊला. कॉल जागं राहून घ्यायचा असतो हो.

जुनी_ओपीडी

कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे अडीचला निम्मी कॉफी अंगात आहे. बाकी तुम्ही ठरवा.

एक_मुलगा

इथे विचारू का? वडील ७१. आई गेल्यानंतर कुणीतरी झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ लिहून दिली होती, पाच-सहा वर्षं झाली, रोज रात्री एक. आता नवीन केमिस्ट ताज्या चिठ्ठीशिवाय देत नाही. परवा रात्री बाथरूमला जाताना पडले, थोडक्यात वाचले. उद्यापासून बंदच करावी म्हणतोय.

जुनी_ओपीडी

उद्यापासून बंद अजिबात करू नका. एवढ्या वर्षांची गोळी एकदम थांबवली तर झोप तर जातेच, शिवाय भयंकर घालमेल, थरथर आणि क्वचित फिटसुद्धा येते. केमिस्टवर रागावू नका, ही गोळी एच वन यादीत आहे, त्याला चिठ्ठी बघून वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते.

पण कमी करायलाच हवी. या वयात रात्री पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं यात या गोळ्यांचा मोठा हात असतो. डॉक्टरांकडे वडिलांना घेऊन जा आणि 'नवीन चिठ्ठी द्या' असं न म्हणता 'कमी करायचा आराखडा द्या' म्हणा. दर दोन-चार आठवड्यांनी थोडं थोडं उतरवत काही महिने लागू शकतात. तोवर बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा.

आणि आई गेल्यानंतरपासून म्हणता, तर त्यांच्या मनाचंही विचारा. पहाटे तीन-चारला जाग, मग झोप नाही, कशात रस नाही, भूक नाही, असं असेल तर झोपेच्या गोळीखाली नैराश्य दडलेलं असतं. जगणं नको असं काही बोलले तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

किरण_बाणेर

पण डॉक्टर, मग कुणी कधी जायचं हे कसं ठरवायचं? दोन रात्री झोप नाही आली म्हणून कुणी ओपीडीत जात नाही.

जुनी_ओपीडी

नाही, आणि जाऊही नये. परीक्षा, लग्नघर, भांडण, कुणाचं आजारपण, यात झोप उडते आणि परत येते. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, असं तीन महिने चाललं आणि दिवसाच्या कामावर परिणाम व्हायला लागला, की त्याला जुनाट म्हणतात. तेव्हा जायचं.

तीन महिने वाट न बघता जायचं ते सुखदाताईंच्या यजमानांसारखं काही असेल तर, ओवींसारखे पाय असतील तर, किंवा गाडी चालवताना डोळा लागत असेल तर. आडवं पडल्यावर दम लागत असेल तर लगेच. अजून एक लोकांना माहीत नसतं. झोप दोन-तीन तासच होतेय पण थकवा मुळीच नाही, उलट उत्साह उतू जातोय, पैसे उधळले जातायत, बोलणं थांबत नाही, तर त्या माणसाला तातडीने मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तो स्वतः म्हणणार नाही की मला काही होतंय.

---

ओवी_सिंहगडरोड (बऱ्याच दिवसांनी)

धागा वर काढते. रिपोर्ट आले तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कागदावर नजर टाकून 'सगळं नॉर्मल' म्हटलं होतं. हिमोग्लोबिन ११.९, टीएसएच २.८, क्रिएटिनिन आणि साखर ठीक, फेरिटिन १६. लॅबची मर्यादा दहाची, म्हणून शेजारी फुली नाही. तुम्ही आधी लिहिलं नसतं तर मी कागद घडी करून ठेवून दिला असता. कोथरूडच्या एका फिजिशियनकडे गेले, त्यांनी १६ भोवती गोल केला.

लोहाची गोळी एक दिवसाआड, उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर. आधी-नंतर दोन तास चहा-दूध नाही, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. सर्दीची गोळी बदलली. खरं सांगायचं तर पहिला फरक तिनेच पडला, आठवड्याच्या आत. लोहाचा परिणाम जाणवायला दीडेक महिना गेला. आता पायांचा त्रास आठवड्यातून एखाद्या रात्री, तोही थोडा. ओढणी बांधावी लागत नाही.

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली आहे, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चालू आहे. ते वेगळं रामायण.

पण झोप अजूनही लवकर लागत नाही! पाय शांत आहेत, तरी पडल्यावर बराच वेळ टक्क जागी. अंथरुणाकडे बघितलं तरी छातीत धस्स होतं. सोफ्यावर बातम्या बघताना मात्र डोळे मिटतात. याला काय म्हणावं?

जुनी_ओपीडी

फेरिटिनचं छान झालं. तुम्ही विचारताय ते दुसरं आहे आणि पहिल्यापेक्षा चिवट. इतके महिने अंथरुणात पडून झगडलात, तर आता अंथरूण दिसलं की शरीर झगड्याची तयारी करतं. सोफ्यावर झगडा कधी झाला नाही म्हणून तिथे झोप येते. मूळ कारण गेलं तरी ही सवय मागे राहते. झोपेची गोळी ती मोडत नाही.

त्यावरचा उपाय वर्तनाचा आहे आणि २०१६ पासून अमेरिकेतल्या फिजिशियनांची संस्थाही जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी तोच सुचवते. त्यासाठी दोन आठवड्यांची नोंद लागेल. वही घ्या. किती वाजता पडलात, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलात, एवढंच. घड्याळ रात्री बघायचं नाही, सकाळी अंदाजाने लिहायचं.

ओवी_सिंहगडरोड

नोंद झाली. सरासरी काढली, शेवटी अकाउंट्सवाली आहे. पावणेदहाला अंथरुणात, सकाळी सव्वासहाला बाहेर, म्हणजे साडेआठ तास. त्यात झोप सरासरी साडेपाच. उरलेले तीन तास फुकट. टक्केवारी ६५ येते.

जुनी_ओपीडी

एवढी नीट वही रुग्णाने कधी आणून दिली नव्हती. मग हिशेब सोपा आहे. झोप साडेपाच तास मिळतेय ना, तर अंथरुणाला फक्त सहा तास द्यायचे. उठायची वेळ सव्वासहा पक्की, मग पडायची वेळ सव्वाबारा. त्याआधी कितीही डुलकी आली तरी पडायचं नाही, सोफ्यावरसुद्धा नाही. पडल्यावर साधारण वीस मिनिटांत लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं. पेंग आली की परत. अंथरुणात मोबाईल नाही, उद्याच्या कामांचा विचार नाही, दुपारी झोप नाही.

आठवड्याची टक्केवारी ८५ च्या वर गेली की पडायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे. मग पुढच्या आठवड्यात परत बघायचं. सहा तास बहुतेकांना जन्मभर पुरत नाहीत, ही सुरुवात आहे.

पहिले दोन आठवडे वाईट जातात, हे आधीच सांगते. दिवसा जास्त पेंग येईल. त्या काळात स्कूटर ठेवा घरी, बसने जा. आणि हे सगळ्यांसाठी नाही. फिट येणारे, कधी उन्मादाचा झटका आलेले, श्वास थांबणारे, गाडी चालवणं हाच ज्यांचा धंदा आहे ते, यांनी आपल्या मनाने झोपेची वेळ कमी करू नये. तुमच्या फिजिशियनना वही दाखवून सुरू करा. साडेपाच तासांच्या खाली मी तरी कुणालाच नेत नाही.

किरण_बाणेर

हे मला पटत नाही. झोप कमी पडतेय म्हणून आलेल्या माणसाला अजून कमी झोपा म्हणायचं? लवकर पडलं तर निदान शरीराला आराम मिळतो.

जुनी_ओपीडी

आराम मिळत असता तर ओवींना इतके महिने मिळाला असता. पण तुमचा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. हा भाग सगळ्यांना झेपत नाही, काहीजण दुसऱ्याच आठवड्यात सोडतात. त्यांच्यासाठी वेळ हळूहळू आवळत नेण्याची सौम्य पद्धत आहे, ती जास्त दिवस घेते.

ओवी_सिंहगडरोड (अजून काही दिवसांनी)

पहिला आठवडा भयानक. रात्री अकराला भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोप येत होती, मुलगी हलवून जागं करायची. बाराच्या सुमाराला भांडी पुसत बसायचे. पण सव्वाबाराला पडलं की आता पंधरा-वीस मिनिटांत लागते. टक्केवारी ८७ आली, पडायची वेळ बारावर आणली आहे. दिवसा अजून ताजंतवानं वाटत नाही. ते लोहामुळे, गाठीमुळे की या प्रकाराने, कळत नाही.

आता गौरी-गणपती आलेत. सोसायटीत आरत्या, कार्यक्रम, जागरण. सगळं मोडणार का?

जुनी_ओपीडी

रात्री उशीर झाला तर होऊ द्या. सकाळी सव्वासहाला मात्र उठा, आणि दुपारी महानैवेद्य झाल्यावर आडवं होऊ नका. तेच सगळ्यात अवघड आहे, माहितीये मला. थकव्याचं फिजिशियनना सांगा, लोह सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा करायचं आहेच. पोटातून लोह नीट लागत नसेल तर शिरेतून देतात. साठा भरूनही पाय राहिले तर गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन यांचा विचार होतो. पूर्वी प्रामिपेक्सोल सर्रास द्यायचो, मीही दिलंय. बराच काळ घेतलं की त्रास रात्रीऐवजी संध्याकाळीच सुरू व्हायला लागतो, म्हणून आता पहिल्यांदा ते देत नाहीत.

मध्यरात्री_मेल

हा धागा वाचून ऑफिसातल्या एकाने फेरिटिन केलं. त्याचेही पाय वळवळतात. वय ५१, फेरिटिन १२. मी त्याला ओवीताईंचीच गोळी सांगितली, एक दिवसाआड, लिंबूपाणी.

जुनी_ओपीडी

थांबवा त्यांना. ओवींचं रक्त कुठे जात होतं ते माहीत होतं. ५१ वर्षांच्या पुरुषाचं लोह इतकं खाली का गेलं, हे आधी बघायचं. मूळव्याध, अल्सर, रोजच्या दुखण्याच्या गोळ्यांनी जठरातून झिरपणारं रक्त, आणि आतड्यातली गाठसुद्धा. फिजिशियनकडे पाठवा, शौचाची तपासणी, बहुधा दुर्बिणीचीही लागेल. गोळी त्यानंतर, त्यांच्या चिठ्ठीवर. शौचाला काळपट होतं का, एवढं आजच विचारा, लोह सुरू करण्याआधीच. गोळी सुरू केली की तसंही काळं होतं आणि मग काही कळत नाही.

मध्यरात्री_मेल

विचारलं. म्हणतो लक्ष दिलं नाही कधी. पाठदुखीसाठी रोज एक पेनकिलर घेतो म्हणाला, तीनेक वर्षं. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतलीये, मीच घेऊन जातोय. कॉल रात्रीचा आहे, सकाळी उठावं लागेल ते वेगळं.